मिठातला ब्लॉक आणि पंधरा मिलिमीटरची रेघ

भोसरी एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं काम चालतं. चाकण, म्हाळुंगे भागातल्या डाय कास्टिंगच्या कारखान्यांतून एच-१३ पोलादाचे ब्लॉक आमच्याकडे येतात. ब्लॉक टप्प्याटप्प्यानं १०३० अंशांपर्यंत तापवायचा, तिथं धरायचा आणि मग ५३० अंशांवर ठेवलेल्या वितळलेल्या मिठात सोडायचा. मिठात आतबाहेर तापमान जवळजवळ सारखं झालं की बाहेर काढून पुढचं हवेवर थंड होऊ द्यायचं. थेट गार तेलात टाकला, तर पृष्ठभाग आणि गाभा यांच्यातला फरक एवढा होतो की जाड ब्लॉक वाकतो किंवा तडकतो. मिठातला हा मुक्काम त्यासाठीच.

अडचण एवढीच की गाभ्याचं तापमान दिसत नाही. आमचे फर्नेसवाले मामा मिठाच्या बाथकडे बोट दाखवून एकदा म्हणाले, "मॅडम, मीठ तर पाचशे तीस दाखवतंय. पण ह्याच्या पोटात काय चाललंय ते कोण सांगणार?" गिऱ्हाइकाच्या डायला मधोमध भोक पाडून थर्मोकपल घालता येत नाही. घाई करून काढला तर गाभा अजून सातशेला असतो. उगाच ठेवला तर बाथ अडकून पडतो, आणि बुधवारच्या रात्रपाळीत हे फार जाणवतं, कारण गुरुवारी आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते आणि त्याआधी चार्ज उतरवायचा असतो.

मामांच्या प्रश्नाला जोडून गिऱ्हाइकाचाही एक प्रश्न होता. पृष्ठभागापासून पंधरा मिलिमीटर आत, म्हणजे जिथपर्यंत डायची नक्षी कोरली जाते तिथं, ब्लॉक किती वेगानं थंड झाला? तिथला वेग कमी पडला तर कार्बाइड कणसीमांवर साचतात, पोलाद ठिसूळ होतं आणि डाय लवकर चिरते. म्हणजे दोन जागांचा हिशोब हवा होता, एक गाभ्याचा आणि एक पंधरा मिलिमीटरच्या रेघेचा. या दोन जागांनी एकाच गणिताचे दोन वेगळे स्वभाव मला दाखवले, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे आधीपासून एक एक्सेल शीट होती. ब्लॉकच्या जाडीचे समान काप करायचे, प्रत्येक रेघेवर एक तापमान धरायचं, आणि ठरावीक सेकंदांनी पुढे सरकायचं. नवं तापमान काढायची रीत अशी:

```
u_new[i] = u[i] + r*(u[i-1] - 2*u[i] + u[i+1])
r = a*dt/dx^2
```

`a` म्हणजे पोलादातून उष्णता पसरण्याची क्षमता. या तापमानांच्या पट्ट्यात एच-१३ साठी आम्ही ती सेकंदाला ६ चौरस मिलिमीटर धरतो. `dx` म्हणजे दोन रेघांमधलं अंतर आणि `dt` म्हणजे वेळेचं पाऊल. या रीतीत उजवीकडे सगळी जुनी, माहीत असलेली तापमानं असतात, म्हणून काहीही सोडवावं लागत नाही. पण रेघेच्या स्वतःच्या जुन्या तापमानाचं वजन १ − २r इतकं असतं. r अर्ध्याच्या वर गेला की ते वजन ऋण होतं, आणि गरम असलेली रेघ त्याच कारणानं पुढच्या पावलाला जास्त थंड व्हायला लागते. एवढं झालं की हिशोब हातातून गेला.

जुन्या शीटमध्ये काप पंधरा मिलिमीटरचे आणि पाऊल पंधरा सेकंदांचं होतं. r येतो ०.४, त्यामुळे ती वर्षानुवर्षं मुकाट चालत होती. गिऱ्हाइकाला बारीक काप हवे झाले तेव्हा कुणीतरी अंतर पाच मिलिमीटर केलं आणि पाऊल तेच ठेवलं. अंतर एक तृतीयांश झालं की r नऊपट होतो, म्हणजे ३.६. पडद्यावर हजारो अंश दिसायला लागले. पाऊल दोन सेकंदांवर आणलं की शीट पुन्हा शहाणी व्हायची, पण एक मिलिमीटरचे काप घेतले तर पाऊल सेकंदाच्या बाराव्या भागापेक्षा मोठं चालत नाही. एक्सेलमध्ये एक पाऊल म्हणजे एक ओळ, म्हणजे तासाभराच्या हिशोबाला ४३,२०० ओळी. ऑफिसातला संगणक फाइल उघडतानाच धापा टाकायचा.

यावरचा उपाय १९४७ सालचा आहे. जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन या दोघांनी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात तो मांडला. तेव्हा असले हिशोब हातानं आणि टेबलावरच्या यंत्रांवर होत, म्हणून पावलं मोठी घेता येणं ही त्यांची रोजची गरज होती. त्यांनी केलं ते एवढंच: उष्णता किती वाहिली हे ठरवताना फक्त जुनी तापमानं न घेता जुन्या आणि नव्या तापमानांची सरासरी घ्यायची. पण नवी तापमानं तर अजून माहीत नाहीत! त्यामुळे प्रत्येक रेघेला एक समीकरण मिळतं, आणि त्यात ती रेघ आणि तिचे दोन शेजारी असे तीन अज्ञात असतात. सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात.

हे कसं चालतं ते मी मामांच्या समोर कागदावर करून पाहिलं होतं. तोच कागद इथं उतरवते.

ब्लॉकची जाडी १२० मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी सारखं थंड होणार म्हणून अर्धा भाग पुरे. पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत ६० मिलिमीटर, त्यात पंधरा-पंधरा मिलिमीटरवर चार रेघा. चौथी रेघ म्हणजे गाभा, आणि त्याच्या पलीकडचा शेजारी हा अलीकडच्यासारखाच असतो. तापमानाऐवजी मिठापेक्षा किती अंश जास्त तेवढंच मोजायचं. सुरुवातीला सगळीकडे ५०० जास्त. पृष्ठभाग मिठात शिरताक्षणी मिठाइतका झाला असं धरायचं, म्हणजे तिथं शून्य. पाऊल मुद्दाम मोठं घेतलं, ७५ सेकंदांचं, कारण मग r बरोबर २ येतो आणि आकडे सुटसुटीत राहतात. जुन्या रीतीची मर्यादा इथं पावणेएकोणीस सेकंद आहे. ती ओलांडून जुनी रीत चालवली तर पंधरा मिलिमीटरची रेघ पहिल्या पावलाला ३० अंशांवर जाते, म्हणजे मिठापेक्षाही पाचशेनं खाली, आणि दुसऱ्या पावलाला ३०३० अंशांवर. लोखंड वितळतं १५३८ ला.

सरासरीच्या रीतीत r दोन असताना समीकरणं अशी होतात:

```
 3*u1 -   u2                 =   0
  -u1 + 3*u2 -   u3          = 500
        -u2 + 3*u3 -   u4    = 500
             -2*u3 + 3*u4    = 500
```

मधला कर्ण आणि त्याच्या दोन बाजूंचे पट्टे, बाकी सगळं शून्य. अशा मांडणीला पूर्ण मॅट्रिक्स उलटवायची गरज नसते. वरून खाली येताना प्रत्येक समीकरणातून आधीचा अज्ञात घालवत जायचा. पहिल्या ओळीतला ३ तसाच राहतो. दुसऱ्या ओळीत ३ मधून एक तृतीयांश जातो आणि ८/३ उरतो, तिसऱ्या ओळीत २१/८, चौथीत ४७/२१. उजवीकडचे आकडे त्याच भागाकारांतून जात ०, १८७.५, २६१.९ आणि ४५७.४५ होतात. शेवटचा आकडा हेच u4 चं उत्तर. मग खालून वर जायचं. २६१.९ मध्ये ४५७.४५ चे ८/२१ मिळवले की u3 मिळतो ४३६.२, त्याचे ३/८ घेऊन १८७.५ मध्ये मिळवले की u2 मिळतो ३५१.१, आणि त्याचा एक तृतीयांश म्हणजे u1, ११७.०. काम रेघांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतं. चार रेघांच्या जागी चारशे असल्या तर शंभरपट काम, दहा लाखपट नाही. मधला ३ बाजूच्या दोन आकड्यांच्या बेरजेपेक्षा कायम मोठा असल्यामुळे भागताना मध्येच शून्य समोर येण्याची भीतीही नाही.

हेच संगणकासाठी:

```python
def thomas(a, b, c, d):
    n = len(d)
    b, d = b[:], d[:]
    for i in range(1, n):
        m = a[i] / b[i-1]
        b[i] -= m * c[i-1]
        d[i] -= m * d[i-1]
    x = [0.0] * n
    x[-1] = d[-1] / b[-1]
    for i in range(n-2, -1, -1):
        x[i] = (d[i] - c[i]*x[i+1]) / b[i]
    return x
```

मिठाचे ५३० मिळवले की ७५ सेकंदांनंतरचं चित्र असं: पंधरा मिलिमीटरवर ६४७, तीसवर ८८१, पंचेचाळीसवर ९६६ आणि गाभ्यात ९८७ अंश. सपाट ब्लॉकसाठी या प्रश्नाचं खरं उत्तर एरर फंक्शनच्या तक्त्यावरून काढता येतं, म्हणून मी तेही शेजारी लिहिलं. गाभ्यात ९८४. म्हणजे मर्यादेच्या चौपट पाऊल टाकूनही गाभा तीन अंशांत बरोबर. मामांनी मान डोलावली.

पण पंधरा मिलिमीटरच्या रेघेवर खरं उत्तर ७२१ आहे आणि आमचं ६४७. आणि दुसऱ्या पावलाला ती रेघ ६४७ वरून ६८२ वर चढते. दोन्ही बाजूंनी थंड होणाऱ्या ब्लॉकमध्ये एक थर मधेच पस्तीस अंशांनी तापतो, असं म्हणायचं का? मामांनी त्याच आकड्यावर बोट ठेवलं. "हे कसं काय वर गेलं?"

या रीतीत हिशोब फुटत नाही हे खरं. पाऊल कितीही मोठं घेतलं तरी चुकीची लाट वाढत जात नाही, लहानच होत जाते. मात्र लहान होताना ती दर पावलाला चिन्ह बदलते. एक रेघ वर, शेजारची खाली, अशी सगळ्यात दातेरी लाट r दोन असताना दर पावलाला उणे ०.६ पट होते, म्हणजे चारपाच पावलांत विरते. एक मिलिमीटरचे काप आणि दहा सेकंदांचं पाऊल घेतलं तर r साठ होतो आणि तोच आकडा उणे ०.९८ वर जातो. मग ती लाट दहाव्या हिश्श्यावर यायला सुमारे १४० पावलं, म्हणजे वीसेक मिनिटांहून जास्त वेळ लागतो. बारीक काप केले म्हणून उत्तर चांगलं होईल असं धरून चालणाऱ्याला इथंच ठेच लागते: पाऊल न बदलता काप बारीक केले की पृष्ठभागाजवळची थरथर जास्त वेळ टिकते. गाभ्यापर्यंत ती पोचतच नाही, म्हणून गाभ्याचा आलेख पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

ओळखायची खूण साधी आहे. पृष्ठभागाजवळच्या रेघेचा आलेख वेळेप्रमाणे काढायचा. एक पाऊल खाली, एक वर अशी करवत दिसली, किंवा थंड होणाऱ्या ब्लॉकमध्ये कुठलीही रेघ चढताना किंवा मिठाच्या खाली जाताना दिसली, की तो आकडा पोलादाचा नाही, गणिताचा आहे. तेव्हापासून माझ्या प्रोग्राममध्ये ही तपासणी कायमची बसली आहे आणि असं काही आढळलं की रिपोर्ट छापलाच जात नाही.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सरासरीचं एक पाऊल म्हणजे खरं तर दोन अर्धी पावलं: पहिलं अर्धं जुन्या रीतीनं, दुसरं अर्धं पूर्ण नव्या तापमानांवर. आमच्या उदाहरणात पहिल्याच अर्ध्या पावलात पंधरा मिलिमीटरची रेघ एकदम मिठाच्या तापमानाला आपटते. वरच्या पहिल्या समीकरणात उजवीकडे शून्य आलं ते यामुळेच. पृष्ठभागावरचा अचानक बदल पहिल्या अर्ध्या पावलाला झेपत नाही.

रोल्फ रानाखर या जर्मन गणितज्ञानं १९८४ साली यावर सुचवलेला उपाय मला फार आवडतो, कारण त्यात नवीन काहीच सोडवावं लागत नाही. सुरुवातीचं पाऊल सरासरीनं न घेता, अर्ध्या लांबीची पावलं पूर्णपणे नव्या तापमानांवर घ्यायची आणि मग सरासरीवर यायचं. अर्ध्या पावलाला डावीकडचे आकडे तेच येतात, −१, ३, −१. तेच भागाकार, तोच ४७/२१. बदलते फक्त उजवी बाजू, तिथं थेट जुनी तापमानं बसतात. आमच्या कागदावर अशी दोन अर्धी पावलं घेतल्यावर ७५ सेकंदांना पंधरा मिलिमीटरची रेघ ७५२ वर आली आणि पुढच्या सरासरीच्या पावलाला ६५७ वर. खरे आकडे ७२१ आणि ६६२. चढणं गेलं, थरथर गेली. गाभ्यानं थोडी किंमत मोजली, ७५ सेकंदांना ९८७ च्या जागी ९७१ दाखवलं, पण १५० सेकंदांना तो ८८० वर होता आणि खरा आकडा ८७३. एवढ्या अवाढव्य पावलाला हे चांगलंच म्हणायचं. प्रत्यक्ष कामात आम्ही पाच मिलिमीटरचे काप आणि सुरुवातीला दोन-दोन सेकंदांची पावलं घेतो, मग ती वाढवत नेतो, तेव्हा हे फरक वाचण्याइतकेही उरत नाहीत.

तापवताना मात्र ही थरथर कधी दिसली नाही, कारण हवेच्या भट्टीत पृष्ठभाग हळूहळू चढतो. उलट तिथं प्रोग्राम तपासायची एक चांगली संधी मिळते. पृष्ठभाग एकाच वेगानं चढत असेल तर थोड्या वेळानं गाभा ठरावीक अंशांनी मागे राहतो: वेग गुणिले अर्ध्या जाडीचा वर्ग, भागिले `a` ची दुप्पट. ताशी २०० अंशांच्या चढाला आमच्या १२० मिलिमीटरच्या ब्लॉकला हे मागे राहणं १६.७ अंश येतं. सरासरीच्या रीतीनं हा आकडा अगदी तंतोतंत यायला हवा. नसेल येत तर प्रोग्राममध्ये कुठंतरी गाभ्याची सीमा चुकली आहे, बहुतेक वेळा शेवटच्या ओळीतला तो २ विसरलेला असतो.

मामांना या १६.७ चं आश्चर्य वाटलं. त्यांचा नियम जुना, इंचाला तास. त्या हिशोबानं हा ब्लॉक पावणेपाच तास धरायला हवा. पण तो नियम ब्लॉकच्या पोटासाठी नाहीच. भट्टीच्या कोपऱ्यातली गार हवा, एकमेकांना चिकटून ठेवलेले ब्लॉक, दार उघडल्यावर गेलेली आच, हे सगळं तो सांभाळून घेतो. भट्टीचा काटा सेटिंगला पोचला म्हणजे ब्लॉकचा पृष्ठभाग पोचला असं होत नाही. म्हणून आम्ही नियम मोडला नाही. चार्जच्या मधल्या, सगळ्यात जाड ब्लॉकच्या पृष्ठभागाला थर्मोकपल लावायला सुरुवात केली आणि घड्याळ त्याच्यावरून चालू करायचं ठरवलं.

तोच थर्मोकपल मिठातही उपयोगी पडला. पृष्ठभाग शिरताक्षणी ५३० होतो हे मी कागदापुरतं धरलं होतं, आणि प्रत्यक्षात तसं होत नाही. ब्लॉकच्या उष्णतेनं आजूबाजूचं मीठ आधी तापतं, मग ढवळण्यानं ते हलतं, आणि पृष्ठभाग सावकाश उतरतो. भंगारातल्या ब्लॉकला मधोमध भोक पाडून गाभ्याचं तापमान मोजलं तेव्हा तो कागदापेक्षा बराच सावकाश थंड होत होता. मग शून्याच्या जागी पृष्ठभागाच्या थर्मोकपलची नोंदच पहिल्या रकान्यात घातली, सरासरीच्या रीतीप्रमाणे जुनी आणि नवी दोन्ही, आणि गाभ्याचा मोजलेला आणि काढलेला आलेख जवळ आले. नोंद दर पाच सेकंदांनी येते, म्हणून अशा हिशोबात पाऊलही पाच सेकंदांच्या खाली न्यायचं कारण उरलं नाही. हवी तेवढी बारीक रेघ घेता येते आणि r ची भीती नाही, हा या रीतीचा खरा फायदा आम्हाला इथं झाला.

एक गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. `a` सगळ्या तापमानांना ६ नसतो. तापवताना साडेआठशेच्या आसपास पोलादाची आतली रचना बदलते, त्यात उष्णता शोषली जाते आणि तेवढ्या पट्ट्यात `a` एकदम पडतो. तिथं दर पावलाला प्रत्येक रेघेचा r वेगळा काढून समीकरणं नव्यानं मांडावी लागतात, आणि पाऊल मोठं असेल तर रेघ त्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे जाते, शोषलेली उष्णता हिशोबात येतच नाही. मिठात उतरताना हा पट्टा मधे येत नाही, म्हणून क्वेंचचे आकडे मी ठामपणे देते आणि तापवण्याचे देताना त्या पट्ट्यातल्या वीसेक मिनिटांभोवती पेन्सिलीनं कंस करते.

मामांना आता गोल बारची शीट हवी आहे, कारण इजेक्टर पिनांचं काम वाढलंय. गोलात आतल्या बाजूच्या शेजाऱ्याचं वजन बाहेरच्यापेक्षा कमी होतं आणि अक्षावरच्या रेघेचं समीकरण वेगळं लिहावं लागतं. पट्टे मात्र तीनच राहतात, आणि खालून वर येणारी ती आकडेमोडही तीच.